नवीन ऑफिसात ओळख करून देताना नावाचा उच्चार कसा सांगावा? (ज्ञ आणि ळ दोन्ही पदरी असलेल्यांसाठी)

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

नमस्कार मंडळी. माझं नाव ज्ञानदा काळे. शाळा इंदूरलाच झाली, नंतर शिक्षण आणि नोकरी पुण्यात. आता घरच्या कारणानं परत आलेय आणि येत्या सोमवारी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होतेय. तिथे रीत अशी की सोमवारच्या मीटिंगमध्ये नव्या माणसानं उभं राहून मिनिटभर बोलायचं. समोर तीसेक माणसं, भाषा हिंदी.

शाळेत मी बारा महिने तेरा काळ 'ग्यानदा काले' होते. तेव्हा बाईंना कोण सुधारणार! पुण्यात सवय मोडली. आता मात्र पुन्हा सुरू झालंय. मुलाखतीत मला 'डिन्यानाडा केल' म्हटलं गेलं (इंग्रजी स्पेलिंग Dnyanada Kale, त्यामुळे दोष पूर्ण त्यांचा नाही). नंतर ऑफर सांगायला फोन आला तो थेट 'दयानंदा जी' म्हणून.

मी केलेला मसुदा असा:

"नमस्ते, मेरा नाम ज्ञानदा काळे है। बहुत लोग मेरा नाम गलत बोलते हैं, तो प्लीज़ ध्यान रखिए कि यह ग्यानदा नहीं है, डिन्यानदा भी नहीं है, और सरनेम काले नहीं, काळे है।" पुढे कामाचा अनुभव वगैरे.

वाचून पाहिलं तर शिक्षिकेनं वर्गाला दम दिल्यासारखं वाटतंय. काय बदलू? आणि एवढं सांगूनही कुणी चुकलं तर किती वेळा सुधारायचं? की सोडून द्यायचं?

छप्पन_दुकान

भिया, ज्या गावात होळकरांचे होलकर झाले तिथे काळ्यांचे काले होणारच. पोहे खा, वर जिरावन घाला, सोडून द्या.

ग्वाल्हेरची_सून

होळकर स्वस्तात सुटले म्हणायचे. आमच्याकडे शिंद्यांचे सिंधिया झाले!

पाणिनीचा_शेजारी

सोडून का द्यायचं? मुळात हिंदीवाल्यांचा 'ग्य' हा उच्चारच अशुद्ध आहे. संस्कृतात 'द्न्य' आहे आणि तो फक्त मराठीनं टिकवलाय. हे एकदा ठणकावून सांगा, लोक गप्प बसतील.

आजोबा_लोकमान्यनगर

ज्ञानदा हे नाव फार सुरेख आहे. पण मुलीच्या पत्रिकेत कोणतं अक्षर आलंय ते आधी पाहा. आणि हल्ली दोन अक्षरी नावांची पद्धत आहे म्हणतात.

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

आजोबा, मुलगी म्हणजे मीच. बारसं होऊन बराच काळ लोटला :)

निवेदक_निवृत्त

मी आकाशवाणीवर निवेदक होतो. आयुष्य दुसऱ्यांची नावं उच्चारण्यात गेलं, म्हणून थोडं लांबवतो.

आधी पाणिनीच्या शेजाऱ्यांसाठी. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. मराठीचा 'द्न्य', हिंदीचा 'ग्य', गुजरातीचा 'ग्न' हे तिघंही त्या मूळ जोडाक्षरापासून आपापल्या वाटेनं लांब गेलेले आहेत. त्यामुळे 'तुमचं अशुद्ध, आमचं शुद्ध' हा मुद्दा ऑफिसात काढलात तर कुणी जाणकार निघाला की तोंडघशी पडाल. ज्ञानदाताईंच्या बाजूनं खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो जास्त पक्का आहे. 'ज्ञान' हा शब्द हिंदी माणसानं कसा म्हणावा हे हिंदी ठरवेल. पण माणसाचं नाव कसं म्हणायचं हे तो माणूस ठरवतो. त्याला व्याकरणाचा दाखला लागत नाही.

आता मसुदा. त्यातली मोठी अडचण दमदाटी ही नव्हे. तुम्ही एका दमात चुकीचे तीन उच्चार ऐकवताय आणि बरोबर उच्चार एकदाच, तोही अगदी पहिल्या वाक्यात, जेव्हा लोक अजून खुर्च्या सरकवत असतात. ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी काय उरणार? ग्यानदा आणि डिन्यानदा. चुकीचा उच्चार आपल्या तोंडून एकदाही काढायचा नाही. बरोबर उच्चार मात्र तीनदा काढायचा: सुरुवातीला, मध्ये फोड करून, आणि अगदी शेवटचा शब्द म्हणून. शेवटचा शब्द लोक घेऊन उठतात.

फोड कशी करायची तेही सांगतो. हिंदी कानाला शब्दाच्या सुरुवातीला 'द्न' ऐकायची सवय नाही, म्हणून जीभ मध्ये एक स्वर घुसवते आणि 'दिन्यान' होतं. पण तोच 'द्न' शब्दाच्या पोटात आला की त्यांना सहज जमतो. 'बदनाम' म्हणताना हिंदी माणूस 'बद्नाम'च म्हणतो. म्हणजे आवाज त्यांच्या तोंडात आहे, फक्त जागा नवी आहे. आधी एक स्वर टेकू म्हणून द्यायचा, तो जमला की टेकू काढायचा.

छप्पन_दुकान

"मेरा नाम ज्ञानदा है, बदनाम वाला." सोमवारी पहिल्याच दिवशी हे बोलून दाखवा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यांवर नाव पाठ होईल.

निवेदक_निवृत्त

ते घरी सरावापुरतं होतं हो!

ग्वाल्हेरची_सून

'अदनान' चालेल की. तो शब्द सगळ्यांना येतो आणि कुणाची बदनामीही नाही. अ काढला की ज्ञानदाची सुरुवात हातात.

निवेदक_निवृत्त

वा! हे उत्तम. तोंडातून 'द्नान' निघतं, त्यात य मिसळायला वेळ लागत नाही.

बडोदेकर_नीरज

आमच्या बडोद्यात ळ ची काळजी नाही, गुजरातीत ळ ठणठणीत आहे. मृणाल, ऋचा या नावांनाही धोका नाही, कारण ऋ चा 'रु' गुजरातीतही होतो. तुमच्याकडे हिंदीत तिची 'रिचा' होते. माझ्या बहिणीला बडोद्यात कधी त्रास झाला नाही, भोपाळला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून रिचा.

इथे वेगळी गंमत. नावापुढे भाई किंवा बेन लागतंच, त्यामुळे आडनावाचा प्रश्न कुणाला पडत नाही. तुम्ही इथे असता तर 'ग्नानदाबेन' झाला असता. ते ऐकून काय वाटलं असतं ते सांगा.

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

ग्नानदाबेन म्हणजे दुकानात उधारी असलेली कुणीतरी वाटतेय.

एचआर_ताई_विजयनगर

मी याच क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावते. निवेदककाकांचं म्हणणं बरोबर असलं तरी पहिल्या भाषणाचा निम्मा वेळ नावावर खर्च करू नका. लोकांना तुम्ही कुठल्या टीममध्ये, काय काम करणार आणि तुमच्याकडे कशासाठी यायचं एवढं हवं असतं. नावाला दोन वाक्यं पुरेत. पाच वाक्यं झाली की 'ही नावाच्या बाबतीत हळवी आहे' असा शिक्का बसतो, आणि मग लोक चुकीचं नाव घेत नाहीत, नावच घेणं टाळतात. "अरे वो नई वाली मैडम" सुरू होतं. ते जास्त वाईट.

दुसरं, खरी लढाई भाषणाच्या आधी जिंकायची असते. मीटिंगमध्ये तुमची ओळख कोण करून देणार? बहुधा मॅनेजर. तो जे पहिल्यांदा म्हणेल तेच तीस माणसं म्हणणार, तुम्ही नंतर काहीही सांगा. म्हणून शुक्रवारी त्याला साधा निरोप पाठवा: "सोमवारी माझी ओळख करून द्याल तेव्हा सोपं जावं म्हणून नाव बोलून पाठवतेय." सोबत चार-पाच सेकंदांची ध्वनिफीत, त्यात नाव दोनदा, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगात. यात मॅनेजरला कमीपणा नाही, उलट सगळ्यांसमोर अडखळण्यातून तो सुटतो. आमच्याकडे लोक आभार मानतात याबद्दल.

पाणिनीचा_शेजारी

म्हणजे आपणच आपल्या नावाची रजा मागायची?

एचआर_ताई_विजयनगर

मागायची नाही, कळवायची. फरक आवाजात असतो.

टेस्टर_भिया

एवढा व्याप कशाला? ईमेलवर स्पेलिंग बदलून Gyanada करा. निदान 'डिन्यानाडा' तरी जाईल. माझ्या मित्रानं असंच केलं, सुखात आहे.

हिशेबनीस_रामबाग

टेस्टरभाऊ, जरा सावकाश. ईमेलवर दिसणारं नाव आणि पगाराच्या नोंदीतलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएफच्या यूएएनमधलं नाव आधारशी जुळलं नाही की पैसे काढताना किंवा खातं वळवताना अडकतं. रुजू होतानाच्या फॉर्मवर हौसेनं नवं स्पेलिंग लिहिलं की पुढे दुरुस्तीचे हेलपाटे. दिसणारं नाव हवं ते ठेवा, कागदावर आधारचं तेच.

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

स्पेलिंग नाही बदलणार. Gyanada केलं की मीच ग्यानदा मान्य केल्यासारखं होईल. पण ईमेलच्या सहीत इंग्रजी नावाखाली देवनागरीत 'ज्ञानदा काळे' लिहिलं तर?

निवेदक_निवृत्त

देवनागरीत 'ज्ञानदा' लिहिलंत तर हिंदी वाचक निःशंकपणे ग्यानदाच वाचेल, कारण त्याच्या लिपीत ते अक्षर तसंच वाचतात. इथे इंग्रजी स्पेलिंगपेक्षा देवनागरी जास्त फसवी आहे. आडनावाला मात्र देवनागरीचा उपयोग होईल. ळ दिसला की निदान 'केल' तरी कुणी म्हणणार नाही.

आम्ही स्टुडिओत पाहुण्याचं नाव कागदावर पाहुण्याच्या सहीसारखं लिहीत नसू, उच्चारासारखं लिहीत असू. तुम्ही सहीत कंसात 'द्न्यानदा' लिहू शकता. दिसायला ओबडधोबड आहे, पण काम करतं.

टेस्टर_भिया

मग लिंक्डइनवर आवाज टाका. प्रोफाइलवर नावाशेजारी दहा सेकंदांपर्यंत उच्चार रेकॉर्ड करता येतो. मात्र तो मोबाइलच्या ॲपमधूनच होतो, कॉम्प्युटरवर शोधत बसू नका.

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

हे माहीत नव्हतं, करते.

माळवी_माणूस

सगळे हिंदी हिंदी काय करताय? इंदूरच्या आसपास मालवी बोलतात आणि मालवीत ळ आहे. आम्ही काळ्याला 'काळो' म्हणतो. मराठीत तुम्ही माळवा म्हणता, आम्हीही ळ लावूनच म्हणतो. देपालपूर, बडनगरकडचा कुणी ऑफिसात असेल तर तो तुमचं आडनाव पुण्यातल्यापेक्षा चांगलं म्हणेल. फक्त शहरात आला की लाजून ल करतो, गावंढळ वाटेल म्हणून.

छप्पन_दुकान

हे आवडलं. म्हणजे होळकरांचा ळ शहरानं घालवला आणि गावानं सांभाळला.

माळवी_माणूस

होळ गावचे ते होळकर. ळ तिथूनच घेऊन आले होते, आम्हाला द्यायची गरज पडली नाही, आमच्याकडे आधीच होता.

संध्याछाया

एक शंका. माझं लग्नानंतरचं आडनाव 'साठे'. इंग्रजीत Sathe. बँकेत सगळे 'साथे' म्हणतात. माहेरचं 'फडके' होतं, त्याचं 'फाडके' व्हायचं. म्हणजे लग्न करूनही सुटका नाही. यावर काय उपाय?

छप्पन_दुकान

दुसरं लग्न नको, एवढंच सांगू शकतो.

निवेदक_निवृत्त

संध्याताई, तुमचं काम ज्ञानदापेक्षा फार सोपं आहे. ठ हिंदीत रोजचा आहे, फक्त रोमन लिपीत थ आणि ठ एकाच th मध्ये कोंबलेत. "साठ रुपये वाला साठ" एवढं म्हटलंत की झालं. तुमच्याकडे लोकांना आवाज शिकवायचा नाही, कुठला आवाज ते दाखवायचंय. ज्ञानदाच्या पहिल्या नावात आवाज आहे पण जागा नवी. आणि काळेमधला ळ शहरी हिंदी माणसाकडे आवाज म्हणूनच नाही. त्याच्या कानाला तो कधी ल वाटतो, कधी ड़, म्हणून कुणी 'काले' म्हणेल आणि जो मनापासून प्रयत्न करेल तो 'काड़े' म्हणेल.

म्हणून माझा सल्ला, भाषणात एकच मागणी करा. पहिलं नाव नीट घ्या. आडनाव नुसतं स्वच्छ उच्चारा आणि पुढे जा. ज्याला ळ शिकायचाय तो स्वतःहून विचारेल, मग सांगा: जीभ ड म्हणायला जिथे लावता तिथे लावा आणि तिथून ल म्हणा.

पाणिनीचा_शेजारी

आडनाव सोडून द्यायचं? इथेच आपण मागे पडतो.

ग्वाल्हेरची_सून

ऑफिसात आडनावानं हाक कोण मारतं? मी काकांच्या बाजूनं.

माळवी_माणूस

मी शेजाऱ्यांच्या बाजूनं. ळ सोपा आहे, लोकांना येत नाही असं ठरवून टाकू नका.

तमिळ_जावई

माझे सासरचे तमिळ. त्यांच्याकडे एक अक्षर आहे, इंग्रजीत zh लिहितात. आपण मराठी लोक ते वाचून खुशाल 'झ' म्हणतो आणि ते बिचारे ऐकून घेतात. मी सासऱ्यांच्या गावाचं नाव कसं घेतो यावर अजून सगळं घर हसतं. आपला ळ जाताना आपल्याला जे वाटतं ते आपणही दुसऱ्यांना देत असतोच.

छप्पन_दुकान

आणि आपण इंदौरला इंदूर, ग्वालियरला ग्वाल्हेर, वडोदराला बडोदे म्हणतो, ते?

बडोदेकर_नीरज

गावं उठून तक्रार करत नाहीत. बाकी आमच्या दांडियाबाजारात कुणी मराठी माणूस 'वडोदरा' म्हणाला तर मागे वळून पाहतात, बाहेरचा दिसतोय म्हणून.

एचआर_ताई_विजयनगर

धागा सफरीला निघालाय, मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. किती वेळा सुधारायचं?

मी लोकांना सांगते की पहिल्या किंवा दुसऱ्याच वेळी, तिथल्या तिथे, आणि कामाच्या वाक्यात गुंडाळून. असं:

"ग्यानदा, वो शीट भेज दी क्या?"
"ज्ञानदा. हाँ, ग्यारह बजे भेजी थी, दूसरे टैब में टोटल है।"

नावानंतर आवाज खाली आणायचा. वर नेला तर प्रश्न वाटतो आणि समोरचा "क्या?" म्हणतो. सॉरी म्हणायचं नाही, हसून साजरं करायचं नाही, लगेच कामावर यायचं. समोरच्याला खजील व्हायला वेळच मिळत नाही.

तोच माणूस तरीही चुकत राहिला तर तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर नको. चहाच्या वेळी एकट्याला गाठून एकच वाक्य: "एक छोटी सी बात, मेरा नाम ज्ञानदा है, आपसे सही सुनकर अच्छा लगेगा." ग्राहक समोर असताना आपल्या माणसाला अजिबात सुधारू नका. आपली बोलायची पाळी आली की "मैं ज्ञानदा, टेस्टिंग से" म्हणून सुरुवात करा, ग्राहकाला बरोबर नाव मिळतं आणि साहेबाचीही लाज राहते.

आणि उशीर करू नका. पहिला महिनाभर 'चलता है' म्हणून ऐकून घेतलं की नंतर सुधारताना लोकांना वाटतं, इतके दिवस का नाही बोलली? तेव्हा अवघडलेपण दुप्पट होतं.

टेस्टर_भिया

पण काही लोकांना खरंच जमत नाही हो. आमचे एक साहेब कितीही सांगा, 'स'चा 'श' करतात. त्यांना रोज सुधारायचं?

निवेदक_निवृत्त

प्रयत्न करून न जमणं आणि न ऐकणं या दोन गोष्टी कानाला लगेच कळतात. प्रयत्न करणारा नावाजवळ येऊन किंचित थबकतो. तो 'द्यानदा' म्हणाला तरी घ्या, नाव ओळखू येतं. जो सुसाट 'ग्यानदा' म्हणत निघून जातो त्याला थांबवा.

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

सगळ्यांचं ऐकून पुन्हा लिहिलं. शेजारीकाका रागावतील, आडनावाची फोड काढलीय. मॅनेजरला ध्वनिफीत पाठवली, त्यांचं "बहुत अच्छा किया, मैं तो स्पेलिंग देखकर डर रहा था" असं उत्तर आलं.

"नमस्ते। मैं ज्ञानदा। ज्ञानदा काळे। अदनान बोलते हैं ना, उसमें से अ हटा दीजिए, मेरा नाम वहीं से शुरू होता है: द्न्यान, दा। पहली बार में न बैठे तो बेझिझक पूछ लीजिए, मैं भी आप सबके नाम दो-दो बार पूछने वाली हूँ। पुणे में बिलिंग सॉफ्टवेयर की टेस्टिंग करती थी, यहाँ भी टेस्टिंग टीम में हूँ। रिलीज़ से पहले कुछ अटपटा दिखे तो मेरे पास भेजिए। स्कूल इंदौर का ही है, तो पोहे का रास्ता मत बताइए, प्रिंटर का बताइए। मैं ज्ञानदा। धन्यवाद।"

घड्याळ लावून बोलले तर पाऊण मिनिटाच्या आत बसतं.

एचआर_ताई_विजयनगर

'मैं भी पूछने वाली हूँ' हे वाक्य सोन्याचं आहे, ठेवाच. त्यानं ती मागणी राहत नाही, देवाणघेवाण होते. मात्र मग खरंच विचारा, आणि विचारल्यावर लिहून ठेवा. काम कुठलं पाठवायचं हेही आलं, छान.

निवेदक_निवृत्त

'धन्यवाद' आधी घ्या, 'मैं ज्ञानदा' शेवटी. टाळ्या धन्यवादावर सुरू होतात आणि त्याआधीचा शब्द बुडतो. "धन्यवाद। मैं ज्ञानदा।" असं म्हणून खाली बसा.

पाणिनीचा_शेजारी

रागावलो नाही. पण काळे एकदा तरी दणदणीत म्हणा.

छप्पन_दुकान

सोमवार झाला. निकाल?

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

सांगते. मॅनेजरनं ओळख करून दिली ती अगदी बरोबर, जरा जपून, काचेचं भांडं उचलल्यासारखी. अदनान चालला. मीटिंग संपल्यावर चौघीजणी येऊन 'अदनान, द्नान, द्न्यान' असं म्हणून दाखवत होत्या. बहुतेकांचं 'द्यानदा'वर येऊन थांबलंय, ते मी काकांच्या सल्ल्यानं घेतलं. एकाला "ज्ञानदा. हाँ, बिल्ड मिल गया" असं कामात गुंडाळून सुधारलं, त्याला कळलंसुद्धा नसेल असं वाटलं, पण संध्याकाळी तो बरोबर म्हणाला.

एक घोळ मात्र झाला. मी फोड करताना 'द्न्यान' म्हणून थांबले आणि मग 'दा' म्हटलं. टीममध्ये एक बंगाली मुलगा आहे. त्याला वाटलं नाव ज्ञान आणि 'दा' म्हणजे दादा. दुपारी येऊन अगदी गंभीरपणे विचारतो, लेडीज को भी यहाँ दा बोलते हैं क्या?

ग्वाल्हेरची_सून

हे सगळ्यात भारी :D

निवेदक_निवृत्त

हा माझ्याही ध्यानात न आलेला कोपरा. पुढच्या वेळी थांबायचंच असेल तर 'द्न्या' वर थांबा, 'नदा' एकत्र. नाहीतर फोड न करता 'शारदा, वरदा, ज्ञानदा' अशा चालीत म्हणा, म्हणजे 'दा' नावाचाच आहे हे कळतं.

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

शारदा-वरदा बुधवारी दुसऱ्या टीमसमोर करून पाहते.

माळवी_माणूस, तुमचं खरं ठरलं. अकाउंट्समधले एक काका देपालपूरचे निघाले. मी काळे म्हटल्यावर त्यांनी तसंच्या तसं 'काळे' म्हटलं, शेजारच्या मुलाला ते दोनदा ऐकवलंही, आणि नंतर माझ्याशी पूर्ण मालवीत बोलायला लागले. मला त्यातलं निम्मंच कळलं.

माळवी_माणूस

आता तुम्ही शिका. देवाणघेवाण म्हणालात ना!

हिशेबनीस_रामबाग

फॉर्मवर स्पेलिंग काय लिहिलंत?

सराफा_ते_सुपरकॉरिडॉर

आधारचंच हो. पण आता नवीन प्रश्न. गुरुवारी अमेरिकेच्या ग्राहकाबरोबर कॉल आहे आणि तिकडे Kale म्हणजे पालेभाजी. त्यांच्याकडून 'केल' ऐकून घ्यायचं की तिथेही काही करायचं?

एचआर_ताई_विजयनगर

कॉलवर तुमच्या चौकटीखाली जे नाव दिसतं तिथे नुसतं Dnyanada ठेवा. दिसलंच नाही तर वाचणार काय?

पाणिनीचा_शेजारी

परत आडनाव गायब!

बडोदेकर_नीरज

पण Dnyanada पाहून ते 'डी' वर अडकतील त्याचं काय? D मुका आहे असं सांगितलं तर 'न्यानाडा' म्हणतील, आहे म्हटलं तर 'डिन्यानाडा'. अमेरिकेत अदनान चालेल का, मला शंका आहे.

निवेदक_निवृत्त

इंग्रजीत 'गुडनेस', 'मिडनाइट' आहेत, 'ड्न' पोटात येतो. त्यावर काही बांधता येईल. कॉलच्या आधी जरा म्हणून पाहतो आणि लिहितो. द चा ड होईल, तेवढा सोडावा लागेल.

छप्पन_दुकान

"माय नेम इज ज्ञानदा, मिडनाइट वाला." काका, तुम्ही या मुलीला नोकरीवरून काढणार बहुतेक.